दारू थांबवली, सिगरेट सुटली, तरी ताठरता का येईना: एक पूर्ण केस

ही केस एकाच माणसाची नाहीये, कोणाची ओळख लागू नये म्हणून साधारण सारख्याच असलेल्या तीन-चार पेशंटचं मिळून एक केलंय. आकडे आणि क्रम मात्र जसे बघायला मिळतात तसेच ठेवलेत. मुद्दाम हीच निवडली कारण यात दारू, सिगरेट आणि तंबाखू तिन्ही आहेत, आणि तिघांचं काम वेगवेगळ्या वेळेवर चालतं हे यात स्वच्छ दिसतं. लोक सगळ्याला मिळून 'व्यसन' म्हणतात आणि एक सोडलं की बाकीचं आपोआप सुधारेल असं धरून चालतात, तसं होत नाही.

पेशंट 41 वर्षांचा, लग्नाला बरीच वर्षं झालेली, बसून काम. तक्रार अशी की इरेक्शन येतं पण टिकत नाही, सुरुवातीला बरं असतं आणि आत जायच्या वेळेला किंवा गेल्यावर मिनिटभरात सैल पडतं. दीड वर्षापासून हळूहळू वाढत गेलेलं. त्याचं स्वतःचं निदान तयार होतं, "डॉक्टर, दारूमुळे आहे हे, आणि थोडं वय". सिगरेटचा विषय त्याने काढलाच नाही, मी विचारल्यावर म्हणाला हो, रोज एक पाकीट, विशीपासून. म्हणजे 20 वर्षं रोज 20 सिगरेट.

दारू आठवड्यातून चार रात्री, 60 मिलीचे तीन पेग, म्हणजे 180 मिली. याचा हिशोब मी पेशंटसमोरच कागदावर करतो, कारण 'थोडीच घेतो' याला काही अर्थ नसतो. 40 टक्क्यांची दारू 180 मिली म्हणजे साधारण 57 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, आणि शरीर ते तासाला 7 ग्रॅमच्या आसपास जाळतं. रात्री नऊला सुरू करून अकराला संपवली तर रक्तातून ती पूर्ण जायला पहाटेचे पाच वाजतात. हा पाचचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणखी एक गोष्ट त्याने थोडं लाजत सांगितली. मित्राने दिलेली 100 मिग्रॅची सिल्डेनाफिल तीन पेगनंतर घेऊन बघितली, तर डोकं ठणकलं, उठताना चक्कर आली आणि खाली काहीच झालं नाही. त्यावरून त्याने ठरवलं की गोळ्या पण आपल्याला लागू पडत नाहीत, म्हणजे आता संपलंच. खरं तर ती गोळी त्या रात्री चाललीच नसती. ही गोळी स्वतःहून इरेक्शन आणत नाही, मेंदूकडून आणि नसांकडून संदेश आला तरच त्याला जोर देते, आणि तीन पेगनंतर तो संदेशच अर्धवट निघतो. त्यात दारू पण रक्तवाहिन्या पसरवते आणि गोळी पण, म्हणून बीपी खाली येऊन चक्कर. अशी एका रात्रीची चाचणी घेऊन गोळी 'फेल' ठरवलेले पेशंट भरपूर येतात.

पहिल्या भेटीत मी सगळ्यात जास्त वेळ सकाळच्या इरेक्शनवर घालवतो. धडधाकट पुरुषाला झोपेत रात्रभरात तीन ते पाच वेळा इरेक्शन येतं, बहुतेक स्वप्नांच्या झोपेत, आणि सकाळी जे दिसतं ते त्यातलं शेवटचं असतं. त्या वेळी बायकोचं टेन्शन नसतं, 'होईल की नाही' ही भीती नसते, म्हणून रक्तवाहिन्या आणि नसा स्वतः काय करू शकतात ते तिथे उघड दिसतं. ज्याला सकाळी दणदणीत येतं आणि फक्त बायकोबरोबर येत नाही त्याचा प्रॉब्लेम बहुतेक वेळा डोक्यात किंवा नात्यात असतो. याला सकाळी पण येत नव्हतं. मी विचारलं, दारू न घेतलेल्या रात्रीनंतर? तो म्हणाला नीट बघितलं नाही. एकट्याने हस्तमैथुन करताना? तिथेही पूर्वीसारखं कडक नाही. म्हणजे सगळीकडे कमी आणि हळूहळू कमी होत गेलेलं, हे चित्र रक्तपुरवठ्याकडे बोट दाखवतं. वर भीती होतीच, दीड वर्षात ती येणारच, पण मूळ ती नव्हती.

कडकपणा मोजायला चार पायऱ्यांची साधी पद्धत आहे. 1 म्हणजे फुगलं पण कडक नाही, 2 म्हणजे कडक पण आत जाण्याइतकं नाही, 3 म्हणजे जाईल एवढं पण पूर्ण कडक नाही, 4 म्हणजे पूर्ण. हा 2 आणि 3 च्या मधे लटकलेला. पाच प्रश्नांची जी प्रश्नावली असते तिच्यात 25 पैकी 13 आले, 22 किंवा त्याच्या वर नॉर्मल धरतात. बीपी 142/90, उपाशी शुगर 108, म्हणजे डायबेटिस नाही पण दारात उभा. खराब कोलेस्टेरॉल वाढलेलं, चांगलं कमी. लिव्हरच्या रिपोर्टमधे जीजीटी वर, ही दारूची खूण बऱ्याचदा सगळ्यात आधी दिसते. सकाळी तपासलेलं टेस्टोस्टेरॉन 380, नॉर्मलमधे. त्याला तेच कमी निघेल अशी आशा होती कारण मग इंजेक्शन घेऊन मोकळं होता आलं असतं. अनेक वर्षं भरपूर पिणाऱ्यांत ते खरंच खाली येतं, अंडकोषांवर थेट परिणाम होतो आणि लिव्हर बिघडलं की स्त्री-हार्मोनचं प्रमाण चढतं, काहींची छाती सुद्धा वाढते. हा त्या टप्प्याला नव्हता.

आता शरीरात काय होतं ते थोडक्यात, नाहीतर पुढचं कळणार नाही. लिंगाच्या आतल्या स्पंजसारख्या भागात बारीक स्नायू असतात आणि ते नेहमी आवळलेले असतात, ते आवळलेले असतात म्हणूनच एरवी लिंग शिथिल असतं. आवळून ठेवायचं काम अ‍ॅड्रेनालिनच्या कुटुंबातली रसायनं करतात. उत्तेजना आली की नसांच्या टोकातून आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, स्नायू सैल पडतात, रक्त आत घुसतं, आणि फुगलेला स्पंज बाहेर जाणाऱ्या शिरा दाबून टाकतो. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह असतो ना तसंच, हवा जोरात आत गेली तरच व्हॉल्व्ह बसतो. आत येणारं रक्त कमी पडलं तर शिरा दाबल्याच जात नाहीत आणि आलेलं रक्त निघून जातं. 'येतं पण टिकत नाही' ही तक्रार बऱ्याचदा इथली असते.

तीन गोष्टी इथे तीन ठिकाणी हात घालतात. दारू मुख्यतः मेंदू आणि नसा सुस्त करते, म्हणजे संदेशच कमी जातो, आणि लघवी जास्त होऊन अंगातलं पाणी पण घटतं. एका पेगला माणूस मोकळा होतो, भीड जाते, म्हणून तिचं नाव चांगलं झालंय, पण तिसऱ्या पेगला इच्छा शिल्लक आणि ताकद गायब अशी अवस्था. निकोटिन उलट्या बाजूने येतं, ते अ‍ॅड्रेनालिनवाल्या नसांना चेकाळवतं म्हणजे जे स्नायू सैल पडायला हवेत तेच आवळले जातात, आणि हे काही मिनिटांत होतं. कधीच सिगरेट न ओढणाऱ्या तरुणांना 6 मिग्रॅ निकोटिनची गम देऊन मोजणी केलेली आहे, इरेक्शन जवळपास चौथ्या हिश्श्याने घटलं, आणि गंमत म्हणजे त्यांना स्वतःला उत्तेजना कमी वाटली नाही. मनात सगळं ठीक आणि खाली फरक. म्हणून सिगरेटवर कोणाचा संशय जात नाही, दारू मात्र डोक्याला जाणवते म्हणून पकडली जाते. आणि तिसरं म्हणजे धूर. त्यातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातला ऑक्सिजन अडवतो, आणि धुरातली इतर रसायनं रक्तवाहिनीचं अस्तर वर्षानुवर्षं खराब करत राहतात, ज्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटायचा तेच. हे एका रात्रीत होत नाही आणि एका रात्रीत जात पण नाही.

ठरलं काय, तर आधी दारू सहा आठवडे पूर्ण बंद, सिगरेटची तारीख ठरवायची, आणि रोज सकाळी वहीत एक ओळ, इरेक्शन होतं का आणि 1 ते 4 मधे किती. दारू एकदम बंद करायला सांगण्याआधी एक गोष्ट विचारावीच लागते, सकाळी हात थरथरतात का, उठल्या उठल्या घ्यावी लागते का, आधी कधी बंद केली तेव्हा घाम, फिट, भास असं काही झालं का. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रम होऊन जीवावर बेतू शकतं, अशांना हे डॉक्टरच्या देखरेखीत औषधं घेऊनच करावं लागतं. याला तसं काही नव्हतं. बीपीचं औषध पण सुरू केलं, टेल्मिसार्टन, कारण बीपीच्या काही जुन्या औषधांनी ताठरता आणखी कमी होते आणि मग पेशंट बीपीचं औषधच गुपचूप बंद करतो.

सहा आठवड्यांनी आला तो खुशीत. वहीत पहिले दहा-बारा दिवस रिकामे, झोप लागत नव्हती, मग हळूहळू आठवड्यातून दोन-तीन सकाळी 2 किंवा 3. आता तो पाचचा आकडा आठवा. दारू रक्तात असेपर्यंत स्वप्नांची झोप दबलेली असते, उरलेल्या तासाभरात शरीर ती भरून काढायला बघतं पण झोप तुटक झालेली असते. म्हणजे आठवड्यातल्या चार रात्री त्याचा रात्रीचा रक्तपुरवठ्याचा सरावच होत नव्हता, आणि झोपेतली ती इरेक्शन लिंगाच्या आतल्या भागाला ऑक्सिजनवालं रक्त पुरवतात, ती नुसती शोभेची नसतात. दारू थांबल्यावर हा हिस्सा परत आला. दारूचा हा भाग एवढ्या लवकर परत येतो हीच तिची एक बरी बाजू.

दुसरी खुशखबर त्याने स्वतःच दिली, "सिगरेट पण बंद केली डॉक्टर, धूर पूर्ण बंद". मी खुश. पण बीपी 144, नाडी 92. बसून बोलणाऱ्या माणसाची नाडी 92 म्हणजे काहीतरी आहे. त्याला म्हटलं टेन्शन आहे का, म्हणाला नाही. मी पण पुढे खोदलं नाही, औषधाचा डोस वाढवला आणि महिन्याने बोलावलं.

पुढचा महिना तिथेच अडकलेला. सकाळचं इरेक्शन 2-3 च्या पुढे जाईना, बायकोबरोबर दोनदा प्रयत्न केला तर दोन्ही वेळा मधेच सैल पडलं. आता तो खचला. दारू नाही, सिगरेट नाही, मग हे काय. त्या भेटीला बायको सोबत आली होती आणि खरी माहिती तिच्याकडून आली. ती म्हणाली, "सिगरेट सुटली हो यांची, पण आता दिवसभर तंबाखू असते तोंडात. झोपताना पण ओठात ठेवूनच झोपतात, उशीला डाग पडतात." तो म्हणाला त्यात काय, धूर तर नाही ना, फुप्फुसं वाचली. आणि धुरापुरतं त्याचं बरोबरच होतं. कार्बन मोनॉक्साइड गेला होता, जिना चढताना दम कमी लागत होता. पण निकोटिन तसंच होतं, कदाचित जास्तच.

हा हिशोब पण कागदावर केला. एका सिगरेटमधून रक्तात साधारण 1 ते 1.5 मिग्रॅ निकोटिन जातं, पाच-सात मिनिटांत वर चढतं आणि उतरायला लागतं. तंबाखूचा बार अर्धा तास ओठात ठेवला तर त्याच्या दुप्पट-तिप्पट सुद्धा जाऊ शकतं, हळूहळू चढतं पण बराच वेळ वरच राहतं कारण बार काढल्यावरही तोंडाच्या अस्तरातून आणि गिळलेल्या थुंकीतून थोडं थोडं येत राहतं. वर चुना. चुन्याने तोंडात अल्कली होते आणि निकोटिन तोंडाच्या त्वचेतून पटकन आत शिरतं, म्हणून चुना लावून मळलेली तंबाखू नुसत्या तंबाखूपेक्षा जास्त 'लागते'. हा दिवसाला दहा-बारा बार घेत होता. सिगरेट ओढणारा निदान झोपेत ओढू शकत नाही, निकोटिन दोनेक तासांनी निम्मं होतं त्यामुळे पहाटेपर्यंत बरंच उतरलेलं असतं. याच्या ओठात रात्रभर बार होता, म्हणजे जी झोपेतली इरेक्शन दारू बंद करून परत मिळवली त्यांच्यावर आता निकोटिनचा पाय. नाडी 92 आणि बीपी न उतरण्याचं कारण पण तेच होतं, औषधाचा डोस मी उगाच वाढवला नव्हता पण तेवढ्याने भागणारही नव्हतं. तोंड उघडून बघितलं तर खालच्या ओठाच्या आत पांढरा सुरकुतलेला चट्टा, तो आधी दाताच्या डॉक्टरला दाखवायला पाठवलं, तो विषय इरेक्शनपेक्षा तातडीचा असतो.

एक सांगतो, चघळायच्या तंबाखूवर इरेक्शनच्या बाबतीत सिगरेटइतका अभ्यास झालेला नाही. सिगरेटचा संबंध पक्का आहे, ओढणाऱ्यांत हा त्रास न ओढणाऱ्यांपेक्षा साधारण दीडपट ते दुप्पट दिसतो आणि वर्षं व संख्या वाढली की तो वाढतो. तंबाखूचा तातडीचा परिणाम, म्हणजे निकोटिन, बीपी, नाडी, रक्तवाहिन्या आवळणं, यात मात्र शंका घ्यायला जागा नाही. म्हणून मी पेशंटला 'तंबाखूने कायमचं जाईल' असं घाबरवत नाही, एवढंच म्हणतो की पुढचे तीन महिने काढून बघ, वहीच सांगेल.

तंबाखू सोडवताना त्याचा पहिला बार किती वाजता असतो ते विचारलं. अंथरुणातच. उठल्यापासून अर्ध्या तासात लागते म्हणजे सवय घट्ट, अशांना 2 मिग्रॅची निकोटिन गम पुरत नाही, 4 मिग्रॅची लागते. तो लगेच म्हणाला, निकोटिननेच होतंय तर परत निकोटिन का देता? रास्त प्रश्न. उत्तर असं की गममधून एका वेळी मिळतं ते कमी आणि हळू, मुख्य म्हणजे रात्री ते बंद ठेवता येतं आणि दोन-तीन महिन्यांत उतरवत शून्यावर आणता येतं. तसंच झालं, दिवसा त्वचेवर चिकटवायचा निकोटिनचा पॅच, तलफ आली की गम, आणि रात्री पॅच काढून ठेवायचा. गम चघळायची पद्धत शिकवावी लागते, लोक च्युइंगगमसारखी सपासप चावतात, मग सगळं निकोटिन पोटात जाऊन उचकी आणि मळमळ. थोडं चावायचं, झणझणलं की गालाशी ठेवून द्यायचं, झणझण गेली की परत चावायचं. आणि आधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, सरबत काही नाही, आंबट तोंडात निकोटिन आत जात नाही, चुन्याच्या बरोबर उलटा हिशोब.

पहिले तीन आठवडे वाईट गेले. चिडचिड, झोपेचा बोऱ्या, इच्छाच मेली, वहीत ओळीने शून्य. त्याचा फोन आला की सोडल्यापासून तर आणखीच गेलंय. हा टप्पा आधीच सांगून ठेवायला हवा असतो कारण याच काळात लोक 'मला सूटच होत नाही' म्हणून परत धरतात. निकोटिन सुटताना मूड, झोप, इच्छा खाली जाते, ते साधारण महिन्यात ओसरतं, आणि ते रक्तवाहिन्यांचं लक्षण नसतं. पाचव्या आठवड्यात एका रात्री मित्रांबरोबर दोन पेग झाले आणि दुसऱ्या पेगला बार लागला. हे अगदी ठरलेलं आहे, दारूने 'नाही' म्हणायची ताकद जाते आणि ज्याच्या मेंदूत दारू आणि तंबाखू वर्षानुवर्षं एकत्र बसलेत त्याला एक मिळालं की दुसरं हवंच असतं. त्यापुढचे दोन दिवस वही कोरी, तिसऱ्या दिवशी परत 3. या एका घसरणीने त्याला माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त पटलं, कारण आधी-नंतरचं स्वतःच्या अक्षरात होतं.

तंबाखू सोडून तीन महिने झाले तेव्हा आठवड्यातून चार-पाच सकाळी 3 किंवा 4, नाडी 74, बीपी 128/82, प्रश्नावलीत 19. सुधारणा मोठी, पण 22 नाही. आता गोळीची पाळी. सिल्डेनाफिल 50 मिग्रॅ, एक तास आधी, जड तेलकट जेवण टाळून, दारूशिवाय. तीच गोळी, आधीच्या निम्म्या डोसमधे, व्यवस्थित लागू पडली. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटच्या गोळ्या चालू असतील तर मात्र ही गोळी अजिबात घ्यायची नाही, बीपी एकदम कोसळतं, म्हणून मित्राच्या खिशातली गोळी हा प्रकार बंद करा.

एक वेगळीच तक्रार पण आली, आता लवकर होतं म्हणे. हे पेशंट बोलत नाहीत पण बऱ्याच जणांच्या पिण्यामागचं खरं कारण हेच असतं, दारूने वीर्य यायला उशीर लागतो आणि माणसाला वाटतं आपली ताकद वाढली. दहा-बारा वर्षं तो ब्रेक दारूचा होता, स्वतःचा कधी बसवलाच नव्हता. त्यात कडकपणा जाईल या भीतीने माणूस घाई करतो आणि घाईने आणखी लवकर होतं. थांब-सुरू पद्धत दोघांना समजावून दिली, उत्तेजना शिगेला जायच्या आत थांबायचं, उतरू द्यायचं, परत सुरू. दोन महिन्यांत बरंच आटोक्यात आलं, आणि कडकपणाचा भरवसा आल्यावर अर्धा प्रश्न तसाही मिटला.

उरलेली कसर कुठून येते ते बघायला लिंगाचा डॉपलर केला. इंजेक्शन देऊन इरेक्शन आणतात आणि धमनीतल्या रक्ताचा वेग मोजतात, सेकंदाला 25 सेंटिमीटरच्या खाली म्हणजे पुरवठा नक्की कमी, 35 च्या वर म्हणजे चांगला. याचा 29. मधला. 20 वर्षांच्या धुराची ही बाकी, आणि ती किती भरून निघेल हे आधी सांगता येत नाही. सिगरेट सोडलेल्या अशा पेशंटांना वर्षभराने तपासलं तेव्हा साधारण चौथ्या हिश्श्यात स्पष्ट सुधारणा दिसली, चालू ठेवलेल्यांत कोणातच नाही. वय कमी, वर्षं कमी आणि डायबेटिस नसेल तर जास्त आशा.

डॉपलरनंतर त्याला हृदयाच्या डॉक्टरकडे पाठवलं तेव्हा तो थोडा चिडला, मी आलो कशाला आणि तुम्ही पाठवता कुठे. लिंगाच्या धमन्या 1 ते 2 मिलिमीटरच्या, हृदयाच्या 3 ते 4 च्या. तेवढाच थर साचला तर बारीक नळी आधी तुंबते, म्हणून ताठरतेचा त्रास हार्टच्या त्रासाच्या दोन ते पाच वर्षं आधी येऊन उभा राहू शकतो. स्ट्रेस टेस्ट सुदैवाने साफ निघाली, पण कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन सुरू झालं आणि शुगर सहा महिन्यांनी परत बघायची ठरली.

वर्षाच्या भेटीत प्रश्नावली 21. गोळी महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी, तीही खरं म्हणजे धीरासाठी. पॅच आणि गम केव्हाच सुटलेले, ओठातला चट्टा फिकट पण दर सहा महिन्यांनी दाखवायचा. त्याने विचारलं, आता अधूनमधून घेतली तर? मी म्हटलं, ज्या रात्री काही करायचा विचार आहे त्या रात्री एका पेगच्या पुढे जाऊ नका, आणि ग्लास हातात असताना तंबाखूवाल्या मित्राच्या शेजारी बसू नका. जीजीटी नॉर्मलला आलंय, ते तीन महिन्यांनी परत करायचं. तो हो म्हणाला, बायको म्हणाली, "मी बघते."